दोन सीट, शेजारी-शेजारी

आमच्या सासऱ्यांना बिल्डिंगमध्ये सगळे कन्फर्मकाका म्हणतात. तोंडावर नाही, तोंडावर नुसतं काका. मी त्यांची सून, म्हणून मी बाबा म्हणते आणि बाकीचं मनात म्हणते.

नोकरीत असताना ते पाणीपुरवठ्याच्या पंपावर होते. पंप चालू करायचा, टाकी भरेपर्यंत बसून राहायचं, भरली की बंद करायचा. त्या बसून राहण्यात इतर लोक पत्ते खेळायला शिकले, बाबा रेल्वेचं वेळापत्रक वाचायला शिकले. निवृत्त झाल्यावर पंप सुटला, वेळापत्रक सुटलं नाही. आता ते मोबाइलमध्ये आलं आहे, म्हणजे जेवतानाही हातात असतं.

त्यांच्या अटी ठरलेल्या. सीट दोन, शेजारी-शेजारी किंवा फार तर समोरासमोर, त्यातली एक खालची, आणि दोन्ही कन्फर्म. वेटिंगवरचं तिकीट हा त्यांच्या लेखी चारित्र्याचा प्रश्न आहे. एकदा माझ्या नवऱ्याने वेटिंगवर तिकीट काढलं आणि ते शेवटच्या दिवशी कन्फर्म झालंही, तर बाबा म्हणाले, "जुगारात जिंकलास म्हणून जुगार चांगला होत नाही."

कन्फर्म मिळवण्याची त्यांची पद्धत मात्र खरोखर पक्की होती, हे मी कबूल करते. आमचं स्टेशन पडलं मधलं. गाडी जिथून सुटते तिथल्या वाट्याला भरपूर जागा असतात, आणि आमच्यासारख्या चार-सहा मधल्या स्टेशनांना मिळून मूठभर. त्या मूठभर जागा सकाळी उघडतात आणि चहा होईपर्यंत संपतात. म्हणून बाबा आधी आपल्या स्टेशनावरून बघायचे, मग एक मोठं स्टेशन मागे, मग त्याच्याही मागे, थेट गाडी सुटते तिथपर्यंत. मागे जागा मिळाली की तिकीट तिथून काढायचं आणि चढायचं ठिकाण म्हणून आपलं स्टेशन नोंदवायचं. पैसे मागच्या स्टेशनापासूनचे जातात, पण सीट आपली वाट बघत येते. ही नोंद करायला विसरलं, तर मागच्या स्टेशनावर कुणी चढलं नाही म्हणून तपासनीस ती जागा दुसऱ्याला देऊन मोकळा होतो. तरीही नाही जमलं तर त्याच मार्गावरची दुसरी गाडी, आणि तीही भरलेली असली तर एक दिवस अलीकडे, एक दिवस पलीकडे.

या शेवटच्या उपायात लोकांची फरफट व्हायची. खालच्या मजल्यावरच्या शिंप्याला त्यांनी मेहुण्याच्या लग्नाला दोन दिवस आधी पोचवलं. बिचाऱ्याने मांडववाल्यांबरोबर खुर्च्या लावल्या. परत आल्यावर तो जरा घुश्शात होता, तर बाबांनी विचारलं, "पण गेलास ना पाय पसरून?" पाय पसरून गेला होता, त्यामुळे त्याला बोलता येईना.

माझ्या सासूबाई, म्हणजे आई, या सगळ्या प्रकाराला काहीच म्हणायच्या नाहीत. लग्नापासून त्या एकट्या कुठे गेल्याच नव्हत्या. तिकिटं बाबांच्या खिशात, पाण्याची बाटली आईंच्या हातात, आणि बाबांच्या पाठीकडे बघत चालायचं, हा त्यांचा प्रवास. आपण कुठल्या गाडीने आलो हे त्यांना पोचल्यावर बाबाच सांगायचे, तेसुद्धा कुणी विचारलं तर.

मग एका शुक्रवारी आईंच्या भाच्याचा फोन आला. आईंची थोरली बहीण, आमच्या मोठ्या मावशी, दूरच्या शहरात त्याच्याकडे असतात. त्यांच्या मेंदूत गाठ निघाली होती आणि ऑपरेशन बुधवारी सकाळी ठरलं होतं. डॉक्टर म्हणाले होते की जीव बहुतेक वाचेल, पण बोलणं आणि माणसं ओळखणं राहील की नाही याची खात्री नाही. भाचा म्हणाला, "मावशी, आता ती अगदी नीट बोलते. तुझीच आठवण काढते. बुधवारच्या आधी ये."

आईंनी फोन ठेवला आणि बाबांसमोर येऊन उभ्या राहिल्या. "मला मंगळवारपर्यंत ताईकडे पोचायचंय," त्या म्हणाल्या. "ती ओळखते तोवर."

"पोचवतो," बाबा म्हणाले आणि त्यांनी चष्मा लावला.

बस आईंना सोसत नाही, दुसऱ्या वळणावरच पोट ढवळतं. विमान त्या शहराला जात नाही. म्हणजे रेल्वेच. आणि सुट्ट्यांचे दिवस, म्हणजे सगळीकडे वेटिंग. बाबांनी शुक्रवारची दुपार त्यात घातली. मी चहा नेऊन ठेवला तर त्यावर साय धरली. मध्येच ते स्वतःशी बोलायचे, "इथे आहे, पण वेगवेगळ्या डब्यात," किंवा "इथे एक पक्की आणि एक अर्धी." अर्धी म्हणजे एका बाकावर दोन अनोळखी माणसांना बसवतात ती. बाबा मान हलवायचे आणि पुढे जायचे.

"बाबा, वेगवेगळ्या डब्यात असली तरी काय बिघडलं?" मी विचारलं.

"नवरा-बायको एका गाडीत वेगळ्या डब्यात? लोक काय म्हणतील, भांडून निघालेत?"

मी म्हटलं, लोक त्यांच्या-त्यांच्या सामानाकडे बघत असतात. पण बाबांना उत्तर नको होतं, सीट हवी होती.

शनिवारी सकाळी ते न्हाणीघराच्या दारात टॉवेल गुंडाळून उभे राहिले आणि ओरडले, "मिळाली!" रात्रीची गाडी, दोन सीट, समोरासमोर, दोन्ही खालच्या. गाडी सुटते त्या स्टेशनापासून तिकीट, चढायचं आपल्या स्टेशनावर. तारीख मंगळवारची. ही गाडी आमच्याकडे मध्यरात्र उलटल्यावर येते आणि संध्याकाळी तिकडे पोचते. बाबांचा हिशेब सरळ होता. तारीख मंगळवारची, म्हणजे सोमवारी जेवून स्टेशनावर जायचं, मंगळवार लागला की गाडीत बसायचं, मंगळवारी संध्याकाळी ताईच्या पुढ्यात. शिंप्याला, वरच्या मजल्यावरच्या मास्तरांना आणि दूधवाल्याला त्यांनी तिकीट दाखवलं. दूधवाल्याला रेल्वेशी काही घेणंदेणं नव्हतं, पण तो म्हणाला, "भारी."

आईंनी बॅग भरली. बहिणीसाठी मऊ कापडाचे दोन सैल गाऊन घेतले, कारण दवाखान्यातले कपडे टोचतात असं त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. मग भाच्याला कळवायला फोन लावला आणि तिकिटावर छापलेली पोचण्याची तारीख आणि वेळ अक्षर-अक्षर लावून वाचून दाखवली.

"मावशी, हे बुधवार संध्याकाळ म्हणतंय. ऑपरेशन बुधवारी सकाळी आहे."

बाबांनी फोन ओढून घेतला. "मंगळवारचं तिकीट आहे. तारीख बघ."

"काका, मंगळवारी गाडी तिथून सुटते. तुमच्याकडे येईपर्यंत बुधवार लागतो."

बाबांनी फोन आईंच्या हातात परत दिला. झालं होतं असं की आपल्या स्टेशनावरून बघताना मंगळवार ही तारीख बरोबरच होती, कारण आमच्याकडे ती गाडी मध्यरात्रीनंतर येते. पण मागचं स्टेशन टाकल्यावर तारीख एक दिवस मागे घ्यायला हवी होती, कारण तिथून ती आदल्या संध्याकाळी निघते. स्टेशन मागे नेलं, तारीख तिथेच राहिली. हे नियम दुसऱ्यांना शिकवणारा माणूस स्वतःच त्यात पडला. नवशिक्याने स्टेशन मागे नेलंच नसतं, तर चूक कुठून झाली असती? पट्टीचा पोहणाराच बुडतो म्हणतात ते असं.

आईंनी फोन ठेवला आणि भरलेली बॅग भिंतीशी सरकवली. त्याने बाबा जास्त चिडले. ते आत गेले, दार लोटलं, आणि बाहेर आले तेव्हा दोन्ही सीट रद्द केलेल्या होत्या. ठेवल्या असत्या तर निदान ऑपरेशननंतर तरी दोघांना जाता आलं असतं, हे माझ्या लक्षात आलं आणि मी ते बोलूनही दाखवलं. माझी जीभ अशीच आहे. बाबांनी माझ्याकडे असं बघितलं की मी भाजी निवडायला बसले.

सोमवारची तारीख टाकून मागच्या स्टेशनावरून पाहिलं, तर तिथे आता वेटिंग. बाबा म्हणाले, "मोबाइलचं काही खरं नाही. मी खिडकीवर जातो." त्यांना जरा धाप लागल्यासारखं वाटत होतं म्हणून मीही बरोबर गेले.

आरक्षणाच्या खिडकीवर रांग बरीच होती आणि पंखा एकच, तोही काचेच्या आत. आमचा नंबर आला तेव्हा बाबांनी अर्ज पुढे सरकवला. आत बसलेल्या बाईंनी तो वाचला, बोटं चालवली.

"रात्रीच्या गाडीला वेटिंग."

"मागच्या जंक्शनपासून बघा."

"वेटिंग."

"सुटते तिथून. सोमवार टाका, मंगळवार नको," बाबा म्हणाले. हे त्यांनी जरा मोठ्याने म्हटलं.

"तिथूनही वेटिंग. रविवारही भरलाय." बाईंनी मान वर केली. "सकाळची गाडी आहे त्याच मार्गावर. दोन स्टेशनं मागून निघते. सोमवारी तिथून एक सीट आहे. रात्री पोचते. देऊ?"

"एक?"

"एकच. खालची आहे."

"आम्हाला दोन हव्यात."

"ते बघितलं मी. आहे एक."

"एक घेऊन काय करू?" बाबा म्हणाले. "ती एकटी जात नाही."

मागच्या माणसाने घसा खाकरला. बाई म्हणाल्या, "लवकर सांगा. ही सीट माझ्या टेबलावर ठेवलेली नाही, बाकीच्या खिडक्यांनाही दिसते."

मला कळलं ते तिथे. शुक्रवारपासून बाबांनी अशी किती ठिकाणं बघितली असतील जिथे एक सीट होती? "इथे एक पक्की," असं ते माझ्यासमोरच म्हणाले होते. जागा नव्हतीच असं नाही. दोघांना नव्हती. आणि एकाला असली तर बाबांना ती जागाच वाटत नव्हती. मला इतका राग आला की मी सून आहे हे विसरून खिडकीशी वाकले आणि म्हटलं, "द्या. नाव मी सांगते."

बाबा बाजूला सरकले. भांडले नाहीत. मी आईंचं नाव आणि वय सांगितलं, चढायचं आपल्या स्टेशनावर असं अर्जात लिहिलं, पैसे दिले. तिकीट हातात आलं तेव्हा बाबांनी ते घेतलं, चष्मा लावून गाडी, तारीख, चढायचं ठिकाण सगळं तपासलं आणि म्हणाले, "बरोबर आहे." मग ते खिशात घालायला निघाले. मी हात पुढे केला. त्यांनी दिलं.

घरी मी ते आईंच्या हातात ठेवलं. "आई, एकच मिळालंय. सोमवारी सकाळी. रात्री भाचा घ्यायला येईल."

आईंनी ते उलटंसुलटं केलं. "यांचं?"

"नाही मिळालं."

त्या बाबांकडे बघत राहिल्या. बाबा खिडकीबाहेर बघत होते, तिथे समोरच्या बिल्डिंगची मागची भिंत आहे. "तुला जमणार नाही," ते म्हणाले. "मध्ये गाडी बराच वेळ थांबते, तू घाबरशील. उतरायचं स्टेशन कळायचं नाही. कोण सांगणार तुला?"

"विचारीन कुणाला तरी," आई म्हणाल्या.

"लोक काहीही सांगतात."

"मग दोघांना विचारीन." आईंचा आवाज चढला नाही, पण त्यात काहीतरी होतं जे मी कधी ऐकलं नव्हतं. "तुम्ही शुक्रवारपासून माझ्यासाठी जागा शोधताय की स्वतःसाठी? ताई माझी आहे. मी उभ्याने जाईन, पण जाईन."

बाबांनी एका कागदावर मधली सगळी स्टेशनं ओळीने लिहायला घेतली. उतरायच्या आधीच्या स्टेशनाखाली दोन रेघा मारल्या. कागद आईंच्या पर्समध्ये ठेवला आणि बाहेर फिरायला निघून गेले.

सोमवारी स्टेशनावर आम्ही तिघं गेलो. गाडी आली, डबा अगदी समोर थांबला, कारण डबा कुठे थांबतो ते बाबांना पाठ आहे. आईंची सीट रिकामी होती. बाबा आत जाऊन ती हाताने पुसून आले. शेजारी एक कॉलेजची मुलगी बसली होती, तिला त्यांनी स्टेशनं समजावून सांगितली. तिला ती आधीच माहीत असावीत, पण ती ऐकत बसली. चांगली मुलगी. आई खिडकीशी बसल्या आणि बाबांकडे न बघता पर्समध्ये तिकीट आहे का ते पाहिलं. गाडी हलली. बाबा दोन-चार पावलं गाडीबरोबर चालले आणि थांबले.

त्या दिवशी घरात फार चमत्कारिक झालं. बाबा सारखे गाडी कुठे आहे ते मोबाइलवर बघत होते आणि आम्हाला सांगत होते, जसं काही गाडी त्यांनीच हाकायला घेतली होती. रात्री आईंचा फोन आला, पोचल्या म्हणून. वाटेत दोघांनाच विचारावं लागलं, दोघांनी एकच सांगितलं.

मंगळवारी आईंचा फोन आलाच नाही. बाबा म्हणाले, "बघ, विसरली." मी म्हटलं, "बोलत असतील हो बहिणी-बहिणी." ते म्हणाले, "एवढं काय बोलायचं असतं?" आणि परत फोन उलटा करून ठेवला, परत सुलटा केला.

बुधवारी ऑपरेशन झालं. मावशी वाचल्या. गुरुवारी त्यांनी डोळे उघडले, आईंकडे बराच वेळ बघितलं आणि नर्सला खुणेने विचारलं, ही कोण?

हे आईंनी मला फोनवर सांगितलं तेव्हा मला रडू फुटलं. आई रडत नव्हत्या. त्या म्हणाल्या, "मंगळवार मिळाला मला. अख्खा मंगळवार बोललो आम्ही. लहानपणी आम्ही दोघींनी एकच फ्रॉक वाटून घातला होता, ते काढलं तिनं. मी विसरले होते. तिला आठवत होतं." मग म्हणाल्या, "पहिल्यांदा मला बघून काय म्हणाली सांगू? म्हणाली, एकटी आलीस? त्यांनी सोडलं?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, सोडलं नाही, मी आले."

बाबा शेजारीच बसले होते. आईंचा आवाज फोनमधून खणखणीत येतो, त्यांना सगळं ऐकू आलं. मी फोन त्यांच्याकडे दिला.

"कधी येतेस?" त्यांनी विचारलं. "दोन परतीची बघतो. म्हणजे, एक."

"आता लगेच नाही. ती माझ्या हातून खाते. कोण आहे कळत नाही, पण खाते. राहीन काही दिवस." आणि मग जरा हळू, "तुम्ही गोळ्या घेताय ना?"

"घेतोय," बाबा म्हणाले. घेत नव्हते.

फोन ठेवल्यावर त्यांनी चष्मा लावून मोबाइल उघडला. मी ओट्याशी होते, तिथून त्यांची पाठ दिसत होती. आता हा माणूस मागच्या जंक्शनापर्यंत, मग गाडी सुटते तिथपर्यंत, मग आदल्या दिवसापर्यंत जाणार, असं धरून मी कणीक मळायला घेतली. पण त्यांनी लगेच हाक मारली.

"सूनबाई, इकडे ये."

मी हात पुसत गेले. मावशींच्या शहराकडे जाणारी उद्याची सकाळची गाडी, आपल्याच स्टेशनावरून, जागा आहे. रात्रीच्या गाडीलाही आहे. परवाही आहे.

"मग अडलं कुठे? काढा की," मी म्हटलं.

प्रवाशांच्या नावांच्या यादीत आईंचं नाव पहिलं असतं आणि त्यांचं दुसरं. सवयीने बाबांच्या बोटाने दोन्ही नावांपुढे खूण केली होती. त्यांनी आईंच्या नावापुढची खूण काढली. त्याला नको इतका वेळ लागला.

"सगळीकडे आहे गं," ते म्हणाले. "एकट्याला कुठेही मिळते."